ओपीटीचं स्टेटस कसं वाचायचं: रिसीट नंबरपासून कार्ड हातात येईपर्यंत

२०२४ च्या एप्रिलमध्ये एका पहाटे साडेपाचला सांगलीहून ताईचा फोन आला. माझी भाची टेक्ससमध्ये एमएस करत होती आणि तिच्या ओपीटीच्या, म्हणजे शिक्षणाला जोडून अमेरिकेत काम करायच्या परवानगीच्या, अर्जाचं स्टेटस ताई तिकडून रोज बघायची. त्या दिवशी स्क्रीनवर नवीन ओळ आली होती: Request for Initial Evidence Was Sent. ताईचा आवाज कापत होता. "अगं, एव्हिडन्स म्हणजे पुरावा ना? पोरीनं असं काय केलंय की सरकार पुरावा मागतंय?"

भाचीनं काहीही केलेलं नव्हतं. एक कागद चुकीचा अपलोड झाला होता, एवढंच. पण त्या सहा शब्दांनी दोन देशांतल्या दोन घरांची झोप उडवली. दर वर्षी वसंतात हीच भीती मी कितीतरी मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या तोंडून ऐकते. म्हणून शिक्षणानंतरच्या ओपीटीचा अर्ज, म्हणजे फॉर्म आय-७६५, भरल्यापासून ईएडी, म्हणजे कामाच्या परवान्याचं, कार्ड हातात पडेपर्यंत स्क्रीनवर काय काय दिसतं आणि त्याचा खरा अर्थ काय, हे इथे क्रमानं लिहिते. उदाहरण भाचीच्याच केसचं घेते, कारण तिच्या तारखा माझ्याकडे लिहून ठेवलेल्या आहेत.

आधी तारखांचा हिशोब

स्टेटस समजायचं तर अर्ज कुठल्या मुदतीत बसतो हे आधी डोक्यात पक्कं हवं. कोर्स संपण्याच्या तारखेआधी ९० दिवसांपासून ते संपल्यावर ६० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. शिवाय कॉलेजच्या डीएसओनं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यानं, सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणी यंत्रणेत ओपीटीची शिफारस नोंदवली की त्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत अर्ज यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे पोहोचलाच पाहिजे.

भाचीचा कोर्स १० मे २०२४ ला संपत होता. म्हणजे १० फेब्रुवारीपासून ९ जुलैपर्यंत तिला अर्ज करता येत होता. डीएसओनं २६ फेब्रुवारीला शिफारस नोंदवली आणि नवीन आय-२०, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याला कॉलेजकडून मिळणारा फॉर्म, दिला, त्यामुळे तिची खरी शेवटची तारीख २७ मार्च झाली. तिनं ५ मार्चला ऑनलाइन अर्ज भरला. या तारखा एका कागदावर लिहून ठेवा. पुढे केस अडकली तर किती वेळ हातात आहे, हे त्यांच्यावरूनच कळतं.

रिसीट नंबर: त्यात काय असतं आणि काय नसतं

रिसीट नंबर तेरा जागांचा असतो. आधी तीन इंग्रजी अक्षरं, मग दहा आकडे. ऑनलाइन अर्ज केला की तो IOE नं सुरू होतो, नमुन्यादाखल IOE0123456789. egov.uscis.gov वर स्टेटस बघताना मधल्या आडव्या रेघा गाळून सलग टाइप करायचा. IOE मधलं शेवटचं अक्षर E आहे आणि त्याच्या पुढचा पहिला आकडा शून्य आहे. घाईत तिथे इंग्रजी O टाइप होतो, साइट नंबर चुकीचा असल्याचं सांगते आणि केसच गायब झाली असं वाटायला लागतं. असं झालं तर आधी नंबर पुन्हा नीट टाइप करा.

जुन्या कागदी पद्धतीत नंबरावरून थोडंफार वाचता येत असे. LIN म्हणजे नेब्रास्का, SRC म्हणजे टेक्सस, EAC म्हणजे व्हर्माँट, WAC म्हणजे कॅलिफोर्निया. समजा नंबर LIN2412000000 असा आहे. यातले पहिले दोन आकडे सरकारी आर्थिक वर्षाचे, २०२४ चे. हे वर्ष १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालं. पुढचे तीन आकडे म्हणजे त्या वर्षातला १२० वा कामाचा दिवस, साधारण मार्चमधला. उरलेले पाच आकडे त्या दिवसाच्या रांगेतला क्रमांक.

IOE नंबरात मात्र तारीख अशी दडलेली नसते. त्यामुळे "माझ्या नंतरच्या नंबराचं अप्रूव्हल आलं आणि माझं राहिलं" या हिशोबाला फारसा अर्थ उरत नाही. लागोपाठच्या दोन IOE नंबरांपैकी एक ओपीटीचा असेल तर दुसरा एखाद्या आजोबांच्या नागरिकत्वाचाही असू शकतो. आजूबाजूचे नंबर टाकून बघण्यात रात्री घालवणारी मुलं मला माहीत आहेत. त्यातून त्यांच्या स्वतःच्या केसबद्दल काहीच कळत नाही.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. आय-२० वर N नं सुरू होणारा नंबर असतो, तो सेविसचा. ईएडी कार्डावर यूएससीआयएस नंबर म्हणून नऊ आकडे असतात, तो तुमच्या फाइलचा कायमचा नंबर. स्टेटसच्या चौकटीत या दोन्हींपैकी एकही चालत नाही. तिथे फक्त रिसीट नंबर टाकायचा.

संदेश वाचायची पद्धत

यूएससीआयएसचा जो ईमेल किंवा एसएमएस येतो, त्यात केसमध्ये बदल झाला एवढंच असतं, काय बदललं ते नसतं. म्हणून ईमेल दिसताच छातीत धडधडतं. अशा वेळी my.uscis.gov वरच्या स्वतःच्या खात्यात जा. स्टेटसच्या ठळक मथळ्याखाली एक परिच्छेद असतो. लोक मथळा वाचून थांबतात, आणि कामाची माहिती असते खालच्या परिच्छेदात. तिथे तीन गोष्टी शोधा: तारीख कुठली, फॉर्म कुठला, आणि तुम्हाला काही करायला सांगितलंय का. फॉर्म आय-७६५ च असल्याची खात्री करा, कारण जादा फी देऊन लवकर निर्णय मागण्याचा, म्हणजे प्रीमियम प्रोसेसिंगचा, आय-९०७ भरला असेल तर त्याची वेगळी नोंद असते. करायला काही सांगितलेलं नसेल, तर त्या दिवशी तुमच्याकडे काहीच काम नाही.

त्यानंतर खात्यातला कागदपत्रांचा भाग उघडा. खरी नोटीस तिथे पीडीएफ म्हणून येते, कधी स्टेटस बदलल्यावर एकदोन दिवसांनी. निर्णय नोटिशीत असतो, स्टेटस ही फक्त तिची चाहूल.

पहिले दोन टप्पे

Case Was Received असं काहीतरी दिसलं की अर्ज आणि फी पोहोचली. तारीख महत्त्वाची. मुदतीचा सगळा हिशोब या दिवसावर चालतो, म्हणून आय-७९७सी नावाची पावतीची नोटीस लगेच उतरवून ठेवा. या टप्प्यावर कागद तपासलेले नसतात. पावती आली म्हणजे अर्ज बरोबर आहे असं नव्हे.

मग बऱ्याचदा Case Is Being Actively Reviewed By USCIS दिसतं. सगळ्यात जास्त दिशाभूल होते ती या वाक्यानं. वाचून वाटतं की कोणी अधिकारी आत्ता आपली फाइल उघडून बसलाय. प्रत्यक्षात अर्ज रांगेत लागल्यावर काही दिवसांतच हे वाक्य येऊ शकतं आणि तसंच अनेक आठवडे राहू शकतं. त्यावरून निकाल जवळ आला असंही समजू नका, काही बिनसलंय असंही समजू नका. भाचीच्या केसमध्ये हे वाक्य १२ मार्चला आलं आणि २ एप्रिलपर्यंत हललं नाही.

मध्येच Case Was Transferred And A New Office Has Jurisdiction दिसलं तर कामाचा भार वाटण्यासाठी फाइल दुसऱ्या कार्यालयात गेलीय. रिसीट नंबर तोच राहतो, पावतीची तारीखही तीच राहते. किती वेळ लागेल हे तपासताना मात्र आता नव्या कार्यालयाचं नाव निवडा.

एव्हिडन्स मागितला तर

इथे थांबून नीट वाचा, कारण या सगळ्या प्रवासात तुम्हाला स्वतःला काम करावं लागतं ते मुख्यतः इथेच. Request for Initial Evidence Was Sent म्हणजे अर्जासोबत असायलाच हवा असा एखादा मूळ कागद मिळाला नाही. Request for Additional Evidence Was Sent म्हणजे कागद आहे, पण अधिकाऱ्याला अजून खुलासा हवाय. दोन्हींत आरोप नाही. बोलीत सगळे याला आरएफई म्हणतात.

त्या पहाटे मी ताईला म्हटलं, "नोटीस येऊ दे, तोवर काही ठरवू नकोस." नोटीस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खात्यात आली. मागणी एकच होती: डीएसओची ओपीटीची शिफारस असलेला आय-२०. भाचीच्या फोल्डरमध्ये दोन आय-२० होते, नावं जवळजवळ सारखी. तिनं जुना अपलोड केला होता, पहिल्या वर्षीचा. आय-२० च्या दुसऱ्या पानावर नोकरीच्या परवानगीचा तक्ता असतो. जुन्यात तो रिकामा होता, २६ फेब्रुवारीच्या नव्यात तिथे ओपीटीची नोंद आणि मागितलेल्या तारखा होत्या.

ती वाचली कशामुळे, तेही सांगते. बरोबर आय-२० अर्जाच्या आधीच निघालेला होता. त्यावर डीएसओची सही आणि २६ फेब्रुवारीची तारीख होती, म्हणून तो पाठवल्यावर प्रश्न मिटला. डीएसओनं शिफारस नोंदवायच्या आधीच अर्ज केला असता, किंवा ३० दिवस उलटून गेल्यावर केला असता, तर आरएफईला कितीही छान उत्तर दिलं तरी ती चूक भरून निघाली नसती. राहून गेलेला कागद आरएफईनं जोडता येतो. अर्जाच्या दिवशी पूर्ण नसलेली अट नंतर पूर्ण करता येत नाही. नोटीस वाचताना आपली गोष्ट यातल्या कुठल्या प्रकारची आहे ते आधी ओळखा. दुसऱ्या प्रकारची असेल तर त्याच दिवशी डीएसओला आणि इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा, कारण ६० दिवसांची खिडकी उघडी असेल तर नव्या आय-२० वर नवा अर्ज करण्याचा रस्ता अजून शिल्लक असतो.

उत्तराचे नियम कडक आहेत. शेवटची तारीख नोटिशीवर छापलेली असते. जास्तीत जास्त बारा आठवडे मिळतात आणि मुदत वाढवून मिळत नाही. उत्तर एकदाच पाठवायचं. आज एक कागद, उरलेला पुढच्या आठवड्यात, असं केलं तर जे आलं तेवढ्यावरच निर्णय होऊ शकतो. ऑनलाइन केसमध्ये उत्तर खात्यातूनच अपलोड होतं. भाचीनं नव्या आय-२० ची सगळी पानं एका पीडीएफमध्ये घेतली, विद्यार्थ्याच्या सहीच्या जागी स्वतःची सही केली, वर पाच ओळींचं पत्र जोडलं: कोणता कागद मागितला, तो सोबत आहे, आधी चुकून जुना अपलोड झाला. नोटिशीचं पहिलं पानही सोबत लावलं. पाठवण्याआधी फाइल उघडून प्रत्येक पान पाहायला मी तिला फोनवर लावलं. फोटोबद्दल आरएफई असेल तर अमेरिकन पासपोर्टच्या मापाचा, दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीचा नवा फोटो काढा. भारतीय पासपोर्टसाठी काढलेला जुना फोटो चालवू नका.

८ एप्रिलला उत्तर गेलं आणि Response To USCIS' Request For Evidence Was Received दिसलं. याचा अर्थ उत्तर पोहोचलं, इतकाच. त्यात बरं-वाईट काही नाही. ज्यांनी प्रीमियम घेतलंय त्यांच्यासाठी एक तपशील: आय-७६५ ला ३० कामाचे दिवस मिळतात, आरएफई निघाला की ते घड्याळ थांबतं, आणि उत्तर पोहोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आणि तेवढ्या दिवसांत काहीतरी कारवाई होण्याची हमी असते, मंजुरीची नव्हे. आरएफई पाठवणं हीसुद्धा कारवाईच धरली जाते.

मंजुरी आणि कार्ड यांच्यामधले दिवस

२९ एप्रिलला Case Was Approved आलं. सांगलीत पेढे वाटले गेले, आणि ते योग्यच होतं. पण काम सुरू करायला अजून दोन गोष्टी हव्या होत्या: ईएडी कार्ड प्रत्यक्ष हातात, आणि कार्डावरची सुरुवातीची तारीख उजाडलेली. मंजुरीच्या स्क्रीनशॉटवर नोकरीला रुजू होऊ नका. कंपनीतलं कोणी "चालेल" म्हणालं तरी नाही.

इथून पुढे क्रम सरळ असतो. New Card Is Being Produced म्हणजे कार्ड छापायला गेलं. काहींना हे मंजुरीच्या आधीच दिसतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही, कारण मंजुरीशिवाय कार्ड छापत नाहीत. Card Was Mailed To Me म्हणजे टपालाकडे निघालं. Card Was Picked Up By The United States Postal Service यात ट्रॅकिंग नंबर येतो, तो टपाल खात्याच्या साइटवर टाका. शेवटी Card Was Delivered To Me By The Post Office.

खरा धोका मात्र या शेवटच्या आठवड्यात असतो, आणि तो पत्त्याचा असतो. मे महिन्यात मुलांची घरं बदलतात, लीज संपतात, रूममेट पांगतात. साधी पत्रं टपाल खातं नव्या पत्त्यावर वळवतं, पण यूएससीआयएसचं कार्ड वळवत नाहीत, ते परत पाठवतात. मग Notice Was Returned To USCIS Because The Post Office Could Not Deliver It यासारखा संदेश दिसतो. परत आलेलं कार्ड, तुम्ही संपर्क केला नाही तर, ६० कामाच्या दिवसांनी नष्ट केलं जातं. म्हणून अर्ज भरतानाच टिकणारा पत्ता द्या. नातेवाइकाच्या घरचा दिला तर 'केअर ऑफ'च्या रकान्यात त्या व्यक्तीचं नाव घाला, कारण पेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत नेऊ शकतो. भाचीनं माझा न्यू जर्सीचा पत्ता असाच दिला होता. मध्ये घर बदललं तर दहा दिवसांच्या आत यूएससीआयएसच्या खात्यात पत्ता बदला आणि कॉलेजलाही कळवा. एक बदल केल्यानं दुसरा आपोआप होईल असं धरून चालू नका.

टपाल खात्याची इन्फॉर्म्ड डिलिव्हरी ही सेवा मोफत आहे. त्यात येणाऱ्या पाकिटांचे फोटो सकाळी ईमेलवर मिळतात. 'डिलिव्हर्ड' दिसूनही कार्ड नसेल तर आधी शेजारी आणि इमारतीचं ऑफिस, मग ट्रॅकिंग नंबर घेऊन पोस्ट, आणि तरीही नाही मिळालं तर यूएससीआयएसच्या साइटवर कार्ड न मिळाल्याची ई-रिक्वेस्ट.

स्टेटस हलतच नसेल तर

यूएससीआयएसच्या प्रोसेसिंग टाइमच्या पानावर फॉर्म, प्रकार आणि कार्यालय निवडलं की एक कालावधी दिसतो. मागच्या सहा महिन्यांत ८०% केसेस किती वेळात निकाली निघाल्या, यावरून तो काढलेला असतो. म्हणजे पाचातल्या एका केसला त्याहून जास्त वेळ लागलेला असतो. त्याच पानावर पावतीची तारीख टाकली की चौकशी करता येते का, नाहीतर कोणत्या तारखेपासून करता येईल, हे सांगतात. ती तारीख कॅलेंडरवर लिहा. त्याआधी केलेल्या फोनला ठरावीक उत्तर मिळतं. आठवड्यातून दोनदा स्टेटस बघणं पुरेसं आहे, बदल झाला की ईमेल येतोच.

मधल्या काळात कोणी फोन करून केस अडकलीय, पैसे भरा, असं म्हणालं तर फोन ठेवून द्या. फी खात्यातून भरली जाते, फोनवर किंवा गिफ्ट कार्डानं कधीच नाही. रिसीट नंबर आणि जन्मतारीख व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका.

नकार आला तर

Case Was Denied दिसलं तरी आधी नोटीस वाचा, नकाराचं कारण तिच्यात लेखी दिलेलं असतं. नकार आणि अर्ज परत येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कागदी अर्जावर सही नसली किंवा फी चुकली तर तो स्वीकारलाच जात नाही, फीसकट परत येतो आणि पावतीची तारीखही मिळत नाही. नकारात अर्ज तपासून निर्णय झालेला असतो. कोर्स संपून ६० दिवस झाले नसतील तर नव्या शिफारशीवर नवा अर्ज होऊ शकतो. ते झाले असतील तर आय-२९०बी वर फेरविचाराची मागणी साधारण ३० दिवसांत करावी लागते, आणि ती वकिलाशिवाय करू नये.

कार्ड आल्यावर

६ मे ला पाकीट माझ्या पेटीत पडलं. मी ते भाचीला व्हिडिओवर दाखवत उघडलं आणि आम्ही दोघींनी कार्ड वाचून घेतलं. नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, जन्मतारीख, फोटो, प्रकार C03B, सुरुवातीची तारीख आणि संपण्याची तारीख. एखादं अक्षर चुकलं असेल आणि चूक यूएससीआयएसची असेल तर ई-रिक्वेस्टमध्ये टंकनचूक निवडून कळवायचं. तिची सुरुवात २० मे होती. ओपीटीवर बेरोजगार राहायला मिळणारे ९० दिवस त्या तारखेपासून मोजले जातात, कार्ड मिळालेल्या दिवसापासून नाहीत. नोकरी लागली की दहा दिवसांत सेव्हिप या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी विभागाच्या पोर्टलवर किंवा डीएसओकडे मालकाचं नाव-पत्ता नोंदवायचा.

कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून मी पाकीट पुढे टेक्ससला रवाना केलं, ट्रॅकिंग लावून. तो नंबर ताईला पाठवला. पुढचे तीन दिवस सांगलीहून ती तो नंबर टाकून बघत होती.